एसआयपी कॅल्क्युलेटर : बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

फंडाच्या अ‍ॅपमधला एसआयपी कॅल्क्युलेटर मी बरेच महिने वापरतोय, दिसायला सुटसुटीत आहे, दरवर्षी हप्ता वाढवायची सोयसुद्धा आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. राग आहे तो एकाच गोष्टीचा. महिना १०,०००, २० वर्षं, १२ टक्के टाकलं की हा ९९.९१ लाख दाखवतो. हेच आकडे दुसऱ्या एका कॅल्क्युलेटरमध्ये टाकले तर ९१.९९ लाख! भरलेले पैसे दोन्हीकडे २४ लाखच, मग वरचे जवळपास ८ लाख आले कुठून?

शेवटी शीटमध्ये स्वतः करून बघितलं:

```
=FV(12%/12,240,-10000,0,1)
=FV(1.12^(1/12)-1,240,-10000,0,1)
```

पहिल्याचं उत्तर ९९.९१, दुसऱ्याचं ९१.९९. म्हणजे आमचा कॅल्क्युलेटर १२ ला सरळ १२ ने भागून महिन्याला १ टक्का धरतो, पण महिन्याला १ टक्का चक्रवाढीने वर्षाला १२.६८ होतो, १२ नाही. आणि त्याच अ‍ॅपमध्ये पोर्टफोलिओचा जो XIRR दिसतो तो वार्षिक चक्रवाढीचा असतो, माणूस तोच आकडा उचलून इथे टाकणार, म्हणजे उत्तर फुगणारच.

तुमचा कुठला आहे ते बघायचं तर १०,०००, १२ टक्के, फक्त १ वर्ष टाका. १,२८,०९३ आलं तर भागाकारवाला, १,२७,६६५ आलं तर बरोबर. पहिल्या वर्षात फरक चारशेच्या आसपास, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, २० वर्षांत तोच लाखांत जातो.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की 'परतावा गृहीत धरलेला आहे, आकडा अंदाजेच असतो'. अहो, अंदाज परताव्याचा, गणिताचा नाही ना! तेव्हा डोकं फिरलं होतं, पण नंतर १२ च्या जागी ११ टाकून योग्य पद्धतीने काढलं तर ८१.५६ लाखच आले, म्हणजे एका टक्क्याने दहा लाखांवर फरक पडतो. तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं पटलं, परताव्याचा अंदाज चुकला तर फटका याहून मोठा आहे. तरी चूक ती चूकच, आणि ती नेमकी आकडा वाढवणारीच आहे हे जास्त खटकतं.

अ‍ॅप काढून टाकलं नाही. खरे १२ टक्के हवे असतील तर स्लायडर ११.४ वर ठेवतो, ९२.१५ लाख येतात, तेवढं चालतं. या कॅल्क्युलेटरच्या हिशोबाने १ कोटीला महिना १०,०१० पुरतात, प्रत्यक्षात १२ टक्के मिळाले तरी १०,८७१ लागतात. म्हणून या महिन्यापासून हप्ता १०,९०० केलाय.