कल्चर निगेटिव्ह, तरी उन्हाळी लागलेलीच: दोन रिपोर्ट शेजारी ठेवून

कोकणात लघवीला आग झाली की 'उन्हाळी लागली' म्हणून शहाळं नाहीतर धन्या-जिऱ्याचं पाणी पितात. तेवढ्याने भागलं नाही की कल्चर होतं, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते पाहतात. त्यावर 'नो ग्रोथ' आलं, की पेच पडतो: अजून एक अँटिबायोटिक घ्यायचं का? याचं उत्तर मी आधी साध्या लघवी तपासणीत, 'पस सेल्स'च्या ओळीत शोधतो.

देवगडची एक बाई, वय छत्तीस, आंब्याच्या पॅकिंगला दिवसभर उभी. कल्चर निगेटिव्ह, पण पस सेल्स २०-२५ (पाचपर्यंत चालतात). म्हणजे आत दाह आहे, जंतू मात्र दिसत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न: नमुना देण्याआधी घरातली उरलेली गोळी घेतली होती का? दोन गोळ्यांनीही कल्चर कोरं येऊ शकतं. तिने घेतली नव्हती. मग उरतात क्लॅमिडिया, टीबी आणि खडा. पहिले दोन साध्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत. क्लॅमिडियासाठी लघवीच्या पहिल्या धारेची पीसीआर करतात आणि तो निघाला तर नवऱ्यालाही औषध लागतं. टीबीसाठी सकाळच्या लघवीचे निदान तीन नमुने देतात. हिच्या सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला खडा सापडला. तिथला खडा कंबर न दुखवताही आग आणि सारखी घाई लावतो.

दुसऱ्या बाई छप्पन्न वर्षांच्या, पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. पस सेल्स १-२, तरी अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेले. "आग आत होते की लघवी बाहेर लागल्यावर?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, बाहेरच चरचरतं ओ." तपासल्यावर योनीची त्वचा कोरडी, फिकट आणि पातळ दिसली. योनी आणि मूत्रमार्ग दोन्ही इस्ट्रोजेनवर पोसले जातात. ते आटलं की दोन्हीकडे आग. त्यांना इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं: दोन आठवडे रोज रात्री योनीत, मग आठवड्यातून दोनदा. उतार पडायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि बऱ्याच जणी दहाव्या दिवशीच सोडून देतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर हे क्रीम कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पस सेल्स नाहीत, कोरडेपणाही नाही, पण मूत्राशय भरलं की दुखतं आणि रिकामं केलं की बरं वाटतं, असं असेल तर तो मूत्राशयाचाच दुखरेपणा असू शकतो. साबण, पावडर, व्हजायनल वॉश महिनाभर बंद करून पाहणं फुकटचं आहे, ते आधी करा.

'यूरेथ्रल सिंड्रोम' हे नाव मी एवढं सगळं पाहून काही न सापडल्यावरच लिहितो. पहिल्याच भेटीत ते कागदावर आलं, तर यातलं काय काय तपासलं ते विचारा. आणि लघवीतून रक्त गेलं, किंवा आगीबरोबर ताप आणि कुशीत दुखणं असेल, तर यातलं काहीच घरी ठरवू नका.