वरचा हात कुठे अडतो: ताठर पाठीसाठी रोलर बरा की कुशीवरचं वळण?

माळ्यावरचा डबा हाताला लागत नसला की आपण टाचा उचलतो, पोट पुढे काढतो आणि कमरेत मागे वाकतो. डबा मिळतो, पण हात खांद्यातून काही जास्त वर गेलेला नसतो. कमी पडलेलं अंतर कमरेने भरून काढलेलं असतं. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे बरेच जण ‘कंबर दुखते’ किंवा ‘खांदा दुखतो’ म्हणून येतात आणि तपासल्यावर ताठर सापडते ती पाठ, दोन्ही पात्यांच्या मधली.

याचं कारण साधं आहे. हात पूर्ण वर जायला ढोबळमानाने दोन वाटे खांद्याच्या सांध्याचे आणि एक वाटा खांद्याच्या पात्याचा असतो. पातं बरगड्यांच्या पिंजऱ्यावर सरकतं. हात वर जाताना ते वरच्या दिशेने फिरायला हवं आणि मागेही झुकायला हवं. पाठीला बाक आला की पिंजऱ्याचा आकार बदलतो, पातं पुढे झुकलेलंच राहतं आणि हात लवकर अडतो. आत्ताच करून बघा. पोक काढून बसा आणि हात बाजूने वर न्या, मग ताठ बसून पुन्हा न्या. 1999 मधल्या एका प्रयोगात याच दोन बैठकींची तुलना केली होती. पोक काढून बसल्यावर हात सुमारे 23 अंश कमी वर गेला आणि ताकदही कमी भरली.

पाठ सोडवायला दोन व्यायाम सगळीकडे सांगितले जातात: फोम रोलरवर, म्हणजे फोमच्या जाड नळकांड्यावर, पाठ मागे वाकवणं, आणि कुशीवर झोपून पाठ वळवणं. लोक विचारतात, यातला कोणता करू? मी उलट विचारते, तुम्ही वर नेता ते दोन्ही हात की एकच? दोन्ही हात एकदम वर जाताना पाठीला सरळ मागे जावं लागतं. एकच हात वर जाताना पाठ थोडी मागे जातेच, शिवाय त्या हाताच्या बाजूला वळते. म्हणून सूर्यनमस्कारातलं हस्त उत्तानासन, बारबेल डोक्यावर नेणं, माळ्यावर पेटी ठेवणं यांना रोलरचा उपयोग जास्त. बॅडमिंटन, गोलंदाजी, भिंत रंगवणं, फळ्यावर लिहिणं यांना वळणाचा.

पण आधी अडतंय कुठे ते बघायला हवं. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, गुडघे किंचित वाकलेले, कंबर भिंतीला टेकलेली. कोपरं सरळ ठेवून, अंगठे मागे करून दोन्ही हात वर न्या. कंबर सुटायच्या क्षणी थांबा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर राहिला ते मोजा. मग गुडघे वाकवून जमिनीवर उताणे झोपा आणि तेच करा, एकदा तसंच आणि एकदा पात्यांच्या खालच्या टोकाच्या पातळीवर टॉवेलची आडवी गुंडाळी ठेवून. गुंडाळीने हात बराच खाली गेला तर अडसर पाठीत आहे. काहीच फरक पडला नाही तर तो खांद्यात किंवा काखेतून कमरेकडे जाणाऱ्या रुंद स्नायूत, म्हणजे जिमवाले ज्याला लॅट्स म्हणतात त्यात असायची शक्यता जास्त.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण सांगते. दिवसाचे सहा-सात तास मशिनवर वाकून बसणं, आणि तक्रार अशी की कापडाचे गठ्ठे वरच्या फळीवर ठेवले की संध्याकाळी कंबर धरते. भिंतीशी अंतर भरलं 18 सेंटिमीटर. जमिनीवर गुंडाळीशिवाय 15, गुंडाळी ठेवून 7. म्हणजे खांदा जायला तयार होता, पाठ जाऊ देत नव्हती. गठ्ठा दोन्ही हातांनी उचलायचा, म्हणून त्यांना रोलर दिला.

रोलर ठेवायचा पात्यांच्या खालच्या टोकापाशी, आडवा. गुडघे वाकलेले, बूड जमिनीवर, बोटं मानेमागे गुंफून डोक्याचं वजन हातांवर. श्वास सोडत पाठीचा तेवढाच भाग रोलरवरून मागे जाऊ द्यायचा. पाच-सहा श्वास झाले की बोटभर वर सरकायचं. अशा तीन जागा पुरतात. चूक इथेच होते: खालच्या बरगड्या छताकडे उघडतात, कमरेखाली पोकळी होते आणि वाकते कंबरच. ताईंचंही पहिल्या दिवशी तसंच झालं. मी त्यांचा एक तळवा शेवटच्या बरगडीवर ठेवायला सांगितला. बरगडी तळव्याला वर ढकलायला लागली की तिथेच थांबायचं. त्यांची खरी हालचाल दोन बोटांइतकीच निघाली, आणि तेवढीच हवी होती. रोलर कमरेखाली कधीच नेऊ नका.

वळणाच्या व्यायामात फसवणूक वेगळी असते. कुशीवर झोपून दोन्ही गुडघे छातीकडे काटकोनात घ्यायचे, त्यांच्यामध्ये उशी दाबून धरायची आणि वरचा हात दार उघडल्यासारखा मागे न्यायचा. नजर हाताबरोबर जाऊ द्यायची. गुडघे सुटले तर कंबर वळते. हात जमिनीला टेकला पण छाती तशीच राहिली, तर ताण आला तो खांद्याच्या पुढच्या बाजूला. छातीचं मधलं हाड छताकडे फिरतंय का, एवढंच पाहा. दोन्ही बाजूंना आठ-आठ वेळा करा, ताठर बाजूला थोडे जास्त. कमरेचे मणके मुळातच फार कमी वळतात, त्यामुळे रोलरवर ज्यांची कंबरच वाकत राहते त्यांना मी दोन्हींतला हाच आधी देते, दोन्ही हातांचं काम असलं तरी.

दोन्हींची मर्यादा एकच आहे. मिळालेली मोकळीक काही वेळाने ओसरते. म्हणून लगेच त्याच रेंजमध्ये हात वापरायचा: भिंतीवर दोन्ही हात सरकवत दहा वेळा वर नेणं, जमलं की एक-दोन किलो वजन घेऊन. ताईंनी हे रोज दहा मिनिटं केलं, शिवाय दर तासाला उठून एकदा हात वर. तीन आठवड्यांनी भिंतीशी अंतर 10 सेंटिमीटर झालं. कंबर दुखणं कमी झालं, पण ते एकट्या रोलरमुळे असं मी म्हणणार नाही, कारण गठ्ठे त्यांनी खालच्या फळीवरही हलवले होते.

काही जणांनी यातलं काहीच स्वतःहून करू नये. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी रोलरवर झोपू नये. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, दुसऱ्याने वळवूनही वळत नसेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त दिसतो, आणि तिथे पाठ सोडवून हात वर जाणार नाही. तरुण वयात सुरू झालेला, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा आणि हालचालीने सुटणारा ताठरपणा असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.