डाव्हिन्ची रिझॉल्व्हचं फ्यूजन: संस्थेच्या व्हिडिओत आकडे हलवण्याचा काही महिन्यांचा अनुभव

पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे व्हिडिओ मी जोडतो. देणगीदारांना शेतातलं, बंधाऱ्यावरचं चित्रण हवं असतं आणि त्याच्या बाजूला आकडेही. यासाठी गेले काही महिने डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आणि तिच्यातला हलती चित्रं बनवायचा फ्यूजन हा विभाग वापरतोय. पहिला आठवडा डोकं फिरवतो, हे आधीच सांगतो. इथे प्रत्येक क्रियेचा एक ठोकळा, म्हणजे नोड, दुसऱ्याला जोडत जायचा असतो; त्याची सवय नसेल तर साधा चौकोन काढतानाही चिडचिड होते.

तरी मी टिकलो तो एकाच गोष्टीमुळे: स्तंभ आणि त्यावरचा आकडा एकाच दोरीला बांधता येतात. हे दोन्ही वेगवेगळे हलवले, तर स्तंभ थांबल्यावरही आकडा पळत राहतो आणि बघणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. गावात उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरच्या फेऱ्या तीन वर्षांत 120, 90 आणि 30. तिन्ही स्तंभ मी आधी सारख्याच, म्हणजे 120 च्या उंचीचे काढतो आणि प्रत्येकापुढे एक Transform नोड जोडतो. त्यात Use Size and Aspect वरची खूण काढली की Y Size वेगळा मिळतो. Pivot चा Y मुद्दाम स्तंभाच्या तळाशी न्यायचा, नाहीतर स्तंभ फ्रेमच्या मध्यापासून फुगतो आणि तळ हवेत तरंगतो. मग Y Size शून्यापासून अनुक्रमे 1, 0.75 आणि 0.25 पर्यंत न्यायचा. मोजपट्टी आपोआप एकच राहते आणि सुरुवात शून्यापासूनच होते. फक्त स्तंभाचे कोपरे गोल ठेवू नका, दाबल्यावर ते चपटे दिसतात.

आकड्यासाठी Text+ मधल्या मजकुराच्या चौकटीवर राइट क्लिक करून Expression निवडायचं आणि हे लिहायचं:

```
Text(string.format("%.0f", Transform1.YSize * 120))
```

दुसऱ्या स्तंभाला Transform2, तिसऱ्याला Transform3. 120 मात्र तिन्हीकडे तेच. मोठी रक्कम असेल तर लाखांचे स्वल्पविराम हे सूत्र स्वतःहून देत नाही. तिथे मी "%.2f लाख" लिहून गुणाकारही लाखातच करतो, वाचायलाही ते सोपं जातं.

बांधणीचा एक तोटाही आहे. स्तंभ थोडा वर जाऊन परत खाली बसतो ती उसळी बऱ्याच तयार टेम्प्लेटमध्ये असते. इथे ती दिली की आकडाही क्षणभर 126 होऊन 120 वर येतो. कोणी त्याच क्षणी व्हिडिओ थांबवला तर चुकीची माहिती पडद्यावर राहते. म्हणून मी शेवटाला फक्त हळू थांबणारी गती देतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर वाढायला साधारण एक सेकंद पुरतो. थांबलेला आकडा मात्र तीन सेकंद तरी राहू द्यावा, कारण वाचन तेव्हाच होतं.

फाँट निवडताना 111 आणि 888 एकाखाली एक लिहून बघा. रुंदी वेगळी दिसली तर मोजणी चालू असताना आकडा थरथरेल. मजकूर उजव्या कडेला टेकवला तर निदान एककाचं स्थान हलत नाही.

चित्रणाच्या बाबतीत माझा हट्ट आहे की तक्त्याखालचा शॉट ट्रायपॉडवरचा हवा आणि फ्रेमची एक बाजू आकाश किंवा मोकळ्या शेतासारखी रिकामी हवी. कॅमेरा फिरतोय आणि स्तंभही वाढतोय, असं झालं की नजर धड कुठेच ठरत नाही. दुसऱ्या कोणी हातात कॅमेरा धरून काढलेलं चित्रण आलं, तर मी तक्ता वेगळ्या सपाट पार्श्वभूमीवर टाकतो. दिसायला ते कमी छान, पण वाचता येतं. कार्यकर्ते फोनवर पाहतात, म्हणून एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघणं आलंच. बारीक रेषा तिथे पुसट होतात.

आणखी एक, जे सॉफ्टवेअर सांगणार नाही. 120 वरून 30 हा उतार पाहून टाळ्या पडतात, पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर सगळं श्रेय बंधाऱ्याचं कसं? अशा वेळी स्तंभाखाली त्या-त्या वर्षाच्या पावसाचा आकडा छोट्या अक्षरात मी टाकायला लावतो. संस्थेत यावर वाद झाला होता, पण ओळ राहिली.

तक्रारी? माझ्या मध्यम लॅपटॉपवर फ्यूजनची क्लिप सलग चालतच नाही. क्लिपवर Render in Place केलं की सुटका होते, पण आकडा बदलला की तेवढा वेळ पुन्हा द्यावा लागतो. त्यामुळे अहवालातले आकडे पक्के होईपर्यंत मी ते करतच नाही. आता तीन स्तंभांचा मॅक्रो करून टायटल म्हणून ठेवलाय, पुढच्या गावाच्या व्हिडिओत फक्त आकडे भरायचे. चारपेक्षा जास्त स्तंभ कोणी मागितले तर ती गोष्ट छापील अहवालात टाका म्हणून सांगतो.