"ते गेले" की "येतील आत्ता"?

रत्नागिरीकडच्या एका वृद्धाश्रमातल्या आजी दिवेलागणीला दाराशी येतात. "होडी लागली काय? हे अजून आले नाहीत." नवरा जाऊन कैक वर्षं झाली. डिमेन्शियात संध्याकाळची ही घालमेल नेहमीची.

खरं सांगितलं, तर आजींसाठी ती बातमी आजचीच. ऊर फुटेस्तोवर रडतात. थोड्या वेळानं बातमी पुसली जाते, पण दुःख मागे राहतं आणि ताट तसंच परत जातं. उद्या पुन्हा तोच प्रश्न. बाईला रोज नव्यानं विधवा करण्याला मी तरी प्रामाणिकपणा म्हणणार नाही.

"येतील हो आत्ता" म्हटलं की निवतात, पण दारातून हलत नाहीत. शिवाय स्मृती कमीजास्त होते. एखाद्या सकाळी सगळं लख्ख आठवतं, मग "येतील" म्हणणाऱ्या मावशींच्या हातची गोळीही घेत नाहीत.

थाप मारण्याआधी एक वाट आहे. वृद्धांसोबत काम केलेल्या नेओमी फाइल यांची व्हॅलिडेशन पद्धत भावनेला उत्तर देते: "आजी, काळजी वाटतेय ना? ते बांगडे आणायचे, तेव्हा तिरफळं घालायचात का हो?" यात खोटं काहीच नाही, आणि बोलता बोलता आजी खुर्चीवर टेकतात.

मात्र शांतपणे, डोळ्यांत बघून "ते गेले ना?" विचारलं, तर हात धरून "हो" म्हणावं. थाप राखून ठेवावी ती अंधारात जेटीकडे निघालेल्या, कशानंच न थांबणाऱ्या आजीसाठी. तीही सगळ्यांनी एकच सांगावी, वहीत लिहावी, मुलांना कळवावी. सही किंवा पैसे मिळवण्यासाठी थाप कधीच नाही.