वेगळं टायटल सीक्वेन्स की पहिल्या सीनवर नावं?

समजा, पंचवीस मिनिटांचा एक भाग, असे आठ भाग आणि सुरुवातीला द्यायची चौदा नावं. कथा गुन्ह्याची. आता एक तर वेगळं सीक्वेन्स करायचं, नाहीतर मालिकेचं नाव चार सेकंद दाखवून बाकीची नावं पहिल्या सीनवरच येऊ द्यायची.

वेगळ्या सीक्वेन्सचा हिशेब आधी. प्रत्येक नावाला दोन सेकंद म्हणजे अठ्ठावीस, वर मालिकेच्या नावाचे चार, झाले बत्तीस. हे दोन सेकंदही फसवे असतात. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर नावाच्या एका कार्डाला ५० फ्रेम्स मिळतात. त्यातल्या आठ फेड-इनला आणि आठ फेड-आउटला गेल्या, तर नाव पूर्ण उजळ दिसतं ३४ फ्रेम्स, म्हणजे दीड सेकंदही नाही. त्यामुळे फेड काढून सरळ कट द्या. पाच मुख्य नावं एकेकटी ठेवून उरलेली नऊ तीन-तीनच्या गटात, गटाला तीन सेकंद, अशी बसवली की सगळं तेवीस सेकंदांत आटोपतं. मात्र गट पाडण्याआधी करार वाचा. कुणाला स्वतंत्र कार्ड कबूल केलेलं असेल, तर डिझायनरच्या हातात काही उरत नाही.

सीनवरच्या नावांना वेगळा वेळ लागत नाही, पण सीन तसा हवा. हलत्या चित्रावर डोळा आधी चेहऱ्याकडे जातो, म्हणून नावाला तीन सेकंद आणि मध्ये तेवढीच मोकळीक द्यावी लागते. चौदा नावांना जवळपास दीड मिनिट. त्या दीड मिनिटात महत्त्वाचा संवाद असेल, तर नावंही वाया आणि संवादही. शिवाय खाली सबटायटल्स येणार, ती जागा सोडावी लागते. एडिट बदलला की नावं पुन्हा बसवा, तेही आठही भागांत. वेगळ्या सीक्वेन्समध्ये बहुधा त्या त्या भागाच्या लेखक-दिग्दर्शकांची कार्डंच बदलतात.

मूड मात्र वेगळं सीक्वेन्स जास्त ठामपणे बांधतं, आणि तेही मुख्यतः आवाजातून. आधीच्या सीनचा शेवटचा शॉट चालू असतानाच संगीत सुरू करा. प्रेक्षक ‘स्किप’कडे वळायच्या आत त्यात शिरलेला असतो. नेटफ्लिक्सने ते बटण २०१७ मध्ये आणल्यापासून पहिल्या पाच सेकंदांत काय आहे यालाच खरी किंमत आहे. मालिकेचं नाव शेवटी ठेवायचा हट्ट मला म्हणूनच पटत नाही.

जाता जाता: अक्षरं हळूहळू लांब सरकवणारं ॲनिमेशन देवनागरीत टाळाच. शिरोरेषा तुटते आणि नाव ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

पहिला सीन संवादाने सुरू होत असेल तर मी तेवीस सेकंदांचं सीक्वेन्स घेईन. कुणी गाडी चालवतंय, रिकाम्या घरात फिरतंय, बोलणं नाही, अशी सुरुवात असेल तर सीनवरची नावं. पण आठही भाग तसे सुरू होतात का, हे स्क्रिप्ट उघडून आधी बघा. तीन भागांत जरी संवाद आडवा आला, तरी पहिलाच पर्याय.