जपानी मेन्यूचा α6400: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा मावसभाऊ मालवाहू जहाजावर असतो. गेल्या वर्षी सुट्टीवर येताना त्याने योकोहामातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून माझ्यासाठी सोनीचा α6400 आणला. त्याआधी आठ वर्षं मी इथेच घेतलेला α6000 वापरत होते. दापोलीतली लग्नं, हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, सुवर्णदुर्गावर पडणारा संध्याकाळचा उजेड, सगळं त्याच्यावरच काढलेलं. त्यामुळे कॅमेरा कसा वापरायचा हा प्रश्न नव्हता. कॅमेरा सुरू केला, मेन्यू उघडला आणि एकही ओळ वाचता येईना, इतकीच अडचण होती.

जपानच्या बाजारासाठी बनलेल्या या मॉडेलमध्ये मेन्यू फक्त जपानीत असतो. भाषा बदलायची ओळ मी दोन दिवस शोधली. ती लपलेली नाही, ती मुळात नाहीच. नवं फर्मवेअर टाकून ती येत नाही. विकत घेण्याआधी एवढं तरी प्रत्येकाने पक्कं समजून घ्यावं.

सुरुवातीला मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. मेन्यूच्या सगळ्या पानांचे फोटो काढले आणि पुण्यात जपानी शिकणाऱ्या माझ्या भाचीला पाठवले. तिने बिचारीने परीक्षा जवळ आली असताना रात्री बसून शब्दांचे अर्थ लिहून दिले. त्यातून बरंच काही सुटलं, पण त्या यादीमुळेच माझा एक लग्नाचा दिवस अडचणीत आला.

सेटअपच्या भागात 初期化 असा एक शब्द आहे. भाचीने त्याचा अर्थ लिहिला होता 'फॉरमॅट'. ती चुकली नव्हती. कॉम्प्युटरची डिस्क फॉरमॅट करण्यालाही जपानीत हाच शब्द वापरतात. शब्दशः पाहिलं तर तो 'मूळ स्थितीला नेणे' असा आहे. लग्नाच्या सकाळी कार्ड रिकामं करायचं म्हणून मी ती ओळ निवडली आणि 実行 म्हणजे 'करा' दाबलं. कार्डावरचे फोटो जिथल्या तिथे राहिले, पण महिनाभर बसवलेल्या माझ्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या गेल्या. फोकसचं बटण, Fn मधली मांडणी, RAW, सगळं कारखान्यातून निघालं होतं तसं झालं. वऱ्हाड दारात आलेलं आणि मी मांडवाच्या मागे बसून एकेक सेटिंग परत लावत होते.

त्या दिवशी संध्याकाळी शांतपणे पाहिलं तेव्हा चूक कुठे झाली ते कळलं. 初期化 ही ओळ 設定リセット या ओळीच्या पोटात होती. तिच्या शेजारी カメラ設定リセット होतं, म्हणजे नुसत्या शूटिंगच्या सेटिंग्ज पुसण्याची सोय. कार्ड फॉरमॅट करण्याची ओळ सेटअपमध्येच, पण वेगळी आणि स्वतंत्र होती: フォーマット. शब्दाचा अर्थ पाहण्याऐवजी मी तो शब्द कुठल्या फांदीवर बसला आहे हे पाहिलं असतं, तर सेटिंग पुसण्याच्या फांदीवर कार्डाचं काम असणार नाही हे सहज लक्षात आलं असतं.

तेव्हापासून मी कामाची दिशाच उलटी केली. मेन्यूतली ओळ घेऊन तिचा अर्थ शोधणं बंद केलं. मला ठाऊक असलेलं एक फंक्शन घ्यायचं, ते जुन्या कॅमेऱ्यात कुठे होतं आणि काय करायचं ते आठवायचं, आणि मग नव्या झाडात त्याची जागा शोधायची. माझ्या वापरात अशी जेमतेम तीस फंक्शन्स निघाली. उरलेल्या मेन्यूला मी आजही हात लावत नाही.

जागा शोधताना आधार असतो तो आकड्यांचा आणि रोमन अक्षरांचा. मेन्यू सहा भागांत आहे: शूटिंगचे दोन, मग नेटवर्क, प्लेबॅक, सेटअप आणि शेवटी स्वतःचा मेन्यू. प्रत्येक भागात पानांना क्रमांक आहेत. ISO, AF, RAW, JPEG, 4K हे जपानी मेन्यूतही रोमन अक्षरांतच लिहिलेले असतात. कंपनीची इंग्रजी मार्गदर्शिका शेजारी उघडली की दोन्ही झाडांची ठेवण बहुतेक ठिकाणी जुळते. मात्र 'सेटअपमधली तिसरी ओळ' असं मोजून चालत नाही, कारण भाषेच्या ओळीसारख्या काही ओळी आपल्या कॅमेऱ्यात नसल्यामुळे खालचं सगळं वर सरकतं. म्हणून मोजणी पानाच्या वरून न करता जवळच्या ओळखीच्या ओळीपासून करायची.

यात एका उदाहरणाने मला पक्की पद्धत दिली, ते सविस्तर सांगते. बंदरावर रात्री होड्यांचे दिवे टिपायला मी स्टँडवर आठ-दहा सेकंदांचं एक्स्पोजर देते. नव्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोनंतर तो तितकाच वेळ अडकून बसायचा. हे माझ्या ओळखीचं वागणं होतं. एक सेकंद किंवा त्याहून लांब एक्स्पोजर झालं की कॅमेरा तेवढाच वेळ नॉइज कमी करण्यात घालवतो. लाटेवर होडी हलत असताना पुढचा फोटो लगेच हवा असतो, म्हणून मला ते बंद करायचं होतं.

मेन्यूत NR ही रोमन अक्षरं असलेल्या दोन ओळी सापडल्या: 長秒時NR आणि 高感度NR. एक लांब एक्स्पोजरची असणार आणि दुसरी जास्त ISO ची. कुठली कोणती ते वाचून ठरवायचं नव्हतं. मी दोन्ही ओळी उघडून आत किती पर्याय आहेत ते मोजलं. पहिलीत दोनच होते, 入 आणि 切. दुसरीत तीन होते. जुन्या कॅमेऱ्यात लांब एक्स्पोजरच्या नॉइजला चालू आणि बंद एवढंच होतं, तर ISO च्या नॉइजला नॉर्मल, कमी आणि बंद असे तीन. म्हणजे पहिलीच माझी. मग खात्रीसाठी फाइलचा प्रकार फक्त RAW वर नेऊन पाहिला, तर दुसरी ओळ करडी होऊन बसली. जास्त ISO चं नॉइज रिडक्शन RAW वर लागू होत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. शेवटची परीक्षा म्हणून पहिलीत 切 निवडलं, खोलीत अंधार केला, चार सेकंदांचा फोटो काढला. कॅमेरा लगेच मोकळा झाला.

पर्याय किती, ओळ कधी करडी होते आणि निवडल्यावर कॅमेरा काय करतो, या तीन खुणांवर माझी जवळजवळ सगळी फंक्शन्स ओळखली गेली. शब्दाचा अर्थ चौथा, आणि तोही पडताळणीपुरता.

वरच्या 切 बद्दल थोडं. भाचीला फोन केला तर म्हणाली, "मावशी, याचा अर्थ कापणे." मी म्हटलं, नॉइजमध्ये काय कापायचं? मग तिला आठवलं की जपानात घरातल्या उपकरणांवरही 入 म्हणजे चालू आणि 切 म्हणजे बंद असं लिहिलेलं असतं. मेन्यूभर हीच दोन अक्षरं पसरलेली आहेत. ही दोन आणि 実行 डोळ्यांत बसली की निम्मी भीती जाते. त्यापुढे भाचीने मला काताकाना लिपी शिकवायला घेतली. बाहेरून आलेले शब्द जपानी लोक या लिपीत लिहितात, जसे आपण 'शटर' आणि 'फोकस' देवनागरीत लिहितो. シャッター हळूहळू उच्चारलं की शटर ऐकू येतं, フォーカス मध्ये फोकस. पंधरा-वीस दिवस रोज थोडं बसले आणि अनेक ओळी आपोआप बोलू लागल्या. माझ्या मते चित्रलिपीची यादी पाठ करण्यापेक्षा ही मेहनत जास्त फळते.

घड्याळाची गोष्ट छोटी पण महत्त्वाची. कॅमेरा जपानच्या वेळेवर होता, आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. संध्याकाळी पावणेसातच्या लिलावाचे फोटो फाइलीत सव्वादहाचे दिसत होते. लग्नात दोन कॅमेऱ्यांचे फोटो वेळेनुसार लावताना याचा घोळ होतो. इथे काही वाचावं लागत नाही, ठिकाण निवडण्याच्या पानावर जगाचा नकाशाच येतो. पट्टी भारतावर आणली, मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली आणि पुढे गेले.

व्हिडिओत एक गोष्ट मात्र कुठल्याही नकाशाने मिळाली नाही. जुन्या कॅमेऱ्यात मी सेकंदाला 25 किंवा 50 फ्रेम निवडायचे. यात मला 24, 30, 60 याच घरातले पर्याय दिसले. मी आठवडाभर ती ओळ शोधत होते. फंक्शन सापडत नाही तेव्हा ते खरंच नसेल, हेही मनात धरावं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि शटर 1/60 वर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मी शटर हाताने 1/50 ठेवते, 60 फ्रेमला 1/100. तेवढ्यात दिव्याची पूर्ण लुकलुक बसते आणि पट्टे जातात. जपानचा पूर्व भाग 50 हर्ट्झवर चालतो आणि पश्चिम 60 वर, तेव्हा तिथल्या लोकांनाही हा प्रश्न ओळखीचाच असणार.

ओळखलेली फंक्शन्स मी दोन ठिकाणी लावून ठेवली आहेत. Fn बटणाच्या बारा घरांत शूटिंग चालू असताना लागणारी, आणि शेवटच्या マイメニュー भागात क्वचित लागणारी, म्हणजे フォーマット, नॉइज, ठिकाण. आता महिन्यातून एखाद्या वेळीच मूळ झाडात शिरावं लागतं. Fn मध्ये चिन्हं असतात, त्यामुळे तिथे लिपीचा प्रश्न फारसा येत नाही.

त्रास अजूनही आहे तो अचानक येणाऱ्या सूचनांचा. कार्डाबद्दल किंवा बॅटरीबद्दल मोठं जपानी वाक्य आलं तर मी काहीच दाबत नाही, फोटो काढून भाचीला पाठवते. दुसरी अडचण मदतनिसाची. गर्दीच्या लग्नात कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला तर तो मेन्यूत अडकतो. त्याला मी डायल A वर ठेवून देते आणि मेन्यूचं बटण दाबू नकोस असं बजावते. विकायला काढला तर इथे गिऱ्हाईक मिळणं कठीण, आणि दुरुस्तीसाठी कुठे न्यायचा याची सोय आधी पाहून ठेवा.

कॅमेरा म्हणून तो मला मनापासून आवडतो. टोपल्या डोक्यावर घेऊन पाण्यातून येणाऱ्या बायकांवर फोकस धरून ठेवणं जुन्या α6000 ला असं कधी जमलं नव्हतं. ज्याला एक्स्पोजर, फोकस, NR हे हाताला माहीत आहे, त्याने स्वस्तात मिळाला तर जरूर घ्यावा. ज्याचा हा पहिलाच कॅमेरा असेल त्याने घेऊ नये, कारण फंक्शनच माहीत नसेल तर जुळवायचं कशाशी?

माझ्या बॅगेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही असते. तीस ओळी, प्रत्येकीपुढे भाग, पान, आतल्या पर्यायांची संख्या आणि करडी होण्याची अट. 初期化 ची ओळ लाल शाईत आहे आणि तिच्यापुढे लग्नाची तारीख लिहिली आहे.