मातीच्या घरात एक उन्हाळा, एक पावसाळा

आधी आकडे सांगतो. ऐन उन्हाळ्यात बाहेर दुपारी ४१ आणि पहाटे २६ अंश चाललेलं असताना मधल्या खोलीतला तापमापक २९ ते ३२ च्या मध्येच घुटमळत होता. एसी नाही, कूलर नाही, नुसता पंखा. या खोलीच्या भिंती कच्च्या विटांच्या, ४५ सेंटीमीटर जाड, आतबाहेर मातीचाच गिलावा, आणि पश्चिमेला खोल पडवी. याच घराला मागाहून जोडलेली एक खोली आहे. तिची पश्चिमेची भिंत ३० सेंटीमीटरची, आणि छप्पर भिंतीबाहेर जेमतेम वीतभर आलेलं. तिथे रात्री दोनला हमखास जाग यायची. भिंतीला हात लावला की ती चक्क कोमट लागायची. दोन्ही तऱ्हा एकाच घरात अनुभवायला मिळाल्या, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माती उष्णता अडवते असा सगळ्यांचा समज असतो. तसं पाहिलं तर माती काही फार चांगली रोधक नाही. ती उष्णता रेंगाळत ठेवते. बाहेरच्या उन्हाची झळ भिंतीतून आत सरकते ती ढोबळमानाने तीन सेंटीमीटरला एक तास या चालीने, आणि वाटेत तिचा जोर ओसरत जातो. दर आठेक सेंटीमीटरला दिवसरात्रीचा चढउतार निम्म्यावर येतो. आता हिशेब करा. दुपारी चारला पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त तापते. ३० सेंटीमीटरच्या भिंतीतून ती झळ दहा तासांनी, म्हणजे रात्री दोनला आत पोचते, अगदी गाढ झोपेच्या वेळी. ४५ ची भिंत तीच झळ सकाळी सातपर्यंत लांबवते, आणि तोवर तिच्यात दम उरलेला नसतो. त्याहून जाड भिंत घालून रोजच्या चढउताराच्या दृष्टीने फारसं हाती लागत नाही. जाडी वजन पेलायला हवी असेल तर गोष्ट वेगळी.

पण इथे एक मेख आहे. चढउतार कितीही दाबला तरी सरासरी दाबली जात नाही. ४१ आणि २६ ची सरासरी ३३ च्या आसपास. आम्ही काही दिवस घर पूर्ण बंद ठेवून बाहेरगावी गेलो आणि परत आलो तेव्हा आत ३३-३४ होतं, दुपारीही आणि मध्यरात्रीही. भिंतीने आपलं काम चोख केलं होतं, पण ३३ अंशांत झोप कुठली लागायला! म्हणजे नुसती जाड भिंत तुम्हाला सरासरीपर्यंत आणून सोडते. त्याखाली उतरायचं तर दोनच वाटा आहेत. भिंतीला ऊन लागूच द्यायचं नाही, आणि रात्रीच्या गार हवेने भिंती आतून निववायच्या.

पहिलं काम छपराचं. उन्हातली मातीची भिंत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. हवा ४१ असताना त्या जोडखोलीच्या भिंतीची बाहेरची बाजू इन्फ्रारेड तापमापकावर ५८ दाखवत होती. पडवीतली भिंत त्याच वेळी हवेपेक्षाही थोडी गार होती. म्हणजे वळचण भिंतीला सावली देते तेव्हा भिंत ज्याची सरासरी काढणार, तो आकडाच ती खाली आणते.

वळचण किती खोल हवी, हे मात्र दिशेवर ठरतं आणि इथेच बहुतेक नवी बांधकामं फसतात. छप्पर भिंतीबाहेर ९० सेंटीमीटर आलं असेल आणि सूर्य समोर ६० अंश उंच असेल, तर भिंतीवर दीड मीटरहून जास्त सावली पडते. सूर्य ४५ वर उतरला की ९० सेंटीमीटर. ३० अंशांवर जेमतेम ५०. म्हणजे डोक्यावरच्या उन्हाला ही वळचण पुरते, पण पश्चिमेच्या कलत्या उन्हापुढे तिचं काही चालत नाही. आमची पडवी २.२ मीटर खोल आहे आणि छपराची कड जमिनीपासून १.९ मीटरवर उतरलेली. सूर्य ३० अंशांवर असताना ऊन भिंतीच्या तळच्या ६० सेंटीमीटरलाच लागतं. उंच माणसाला कडेखाली वाकावं लागतं, पाहुणे दर वेळी कुरकुरतात. ती कड वर उचलू नका, सगळी किमया त्या उतरत्या कडेतच आहे.

जोडखोलीला पडवी काढणं शक्य नव्हतं. म्हणून भिंतीपासून हातभर अंतर सोडून बाहेर बांबूची तट्टी उभी केली. बाहेरची बाजू ५८ वरून ४२ वर आली. आत रात्री दोनचा आकडा ३६ असायचा, तो दोन-तीन दिवसांत हळूहळू ३३ वर उतरला. जाड पडदा आतून लावून हे साधत नाही, कारण तोवर ऊन भिंतीत मुरलेलं असतं.

दुसरं काम खिडक्यांचं, आणि ते रोज करावं लागतं. सकाळी बाहेरची हवा आतल्याहून गरम व्हायला लागली की सगळं बंद. सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या, पहाटेपर्यंत. भरदुपारी ‘जरा हवा येऊ दे’ म्हणून कुणी खिडकी उघडली की दिवसभराचा गारवा अर्ध्या तासात गेलाच. रात्री खिडक्या उघड्या ठेवणं शक्य नसेल, तर या घराचा निम्मा फायदा सोडून द्या.

इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांच्या खोल्यांचा दाखला इथे देण्याजोगा आहे. १९६४ साली कैरोत वेगवेगळ्या साहित्याच्या नमुना खोल्या बांधून तपासल्या गेल्या. ५० सेंटीमीटर जाड मातीच्या विटांच्या, मातीच्याच छताच्या खोलीत दिवसरात्रीचा फरक सुमारे दोन अंशांचा राहिला, तर १० सेंटीमीटर काँक्रीटच्या तक्त्यांची खोली ३६ पर्यंत चढली. मातीच्या विटांच्या त्या खोलीचं छतही मातीचं होतं, हे विसरू नका. भिंती जाड आणि वर उघडा पत्रा, अशा घरात पत्र्याची धग थेट अंगावर येते आणि भिंती बिचाऱ्या बघत बसतात.

आता उणिवा. पावसाळी, दमट दिवसांत बाहेर ३१ आणि २५ असलं की भिंतीला सरासरी काढण्यासारखं काही उरतच नाही. तेव्हा हवं असतं ते वारं, आणि जाड भिंतीतल्या लहान खिडक्या ते पुरेसं देत नाहीत. उष्णतेची लाट आठवडाभर टिकली की पहिले दोन-तीन दिवस छान जातात. मग भिंती हळूहळू भरत जातात आणि लाट ओसरल्यावरही घर लगेच उतरत नाही.

आणि पाणी. ओली माती उष्णता जास्त भराभर वाहून नेते, शिवाय झडते. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायाशी उडतं, म्हणून जोतं दगडाचं आणि हातभर तरी उंच हवं. जोडखोलीच्या बाहेरच्या कोपऱ्याला आधीच्या मालकांनी सिमेंटचा गिलावा मारला होता. वरून टणटणीत दिसायचा, पण बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजायचा, आणि खाली पांढऱ्या क्षाराची रेघ उमटली होती. ओल सिमेंटमागे अडकून आतली माती भुसभुशीत झाली होती. तेवढा पापुद्रा उतरवला, भिंत आठवडे-आठवडे उघडी ठेवून सुकवली आणि चुना-मातीचा हात दिला. अशा घराकडे बघायला जाल तेव्हा खिडकीच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा, गिलावा ठोकून बघा, आणि दुपारी चारला पश्चिमेच्या बाजूला उभं राहून ऊन भिंतीवर कुठवर चढतं ते पाहा.